ध चा मा, की नुसतं वेगळं वाचन? आमोस ९:१२ हिब्रूत आणि ग्रीकमध्ये

प्रश्न: आमोस ९:१२ मराठी बायबलमध्ये वाचलं तर अर्थ असा आहे की ते अदोमाचे उरलेले लोक ताब्यात घेतील. पण प्रेषितांची कृत्ये १५:१७ मध्ये याकोब हेच वचन सांगतो, तिथे उरलेली माणसं प्रभूचा शोध घेतील असं होतं. आमचे सर म्हणाले, याकोबाचं वचन ग्रीक भाषांतरातलं आहे. मग त्या ग्रीक भाषांतरकाराने मुद्दाम ध चा मा केला का? हे स्वतः ताडून पाहायचं तर कसं? मला हिब्रू अक्षरं ओळखता येतात, ग्रीक थोडंफार येतं.

उत्तर:

आनंदीबाईंच्या गोष्टीत निदान एवढं तरी नक्की असतं की मूळ कागदावर ‘ध’ होता आणि नंतर कोणीतरी ‘मा’ केला. इथे पंचाईत ही आहे की मूळ कागद आपल्यापाशी नाही. तुम्ही ज्याला मूळ हिब्रू म्हणता तो मसोरा परंपरेचा, म्हणजे मध्ययुगीन यहुदी पंडितांनी जपलेला पाठ, आणि आमोसच्या या पानासाठी आपण मुख्यतः इ.स. १००८च्या लेनिनग्राड पोथीवर विसंबतो. (त्याहून जुन्या अलेप्पो पोथीतलं हे पान हरवलं आहे.) ग्रीक भाषांतर मात्र इ.स. पूर्व दुसऱ्या शतकातलं. म्हणजे भाषांतरकाराच्या मांडीवर जी गुंडाळी होती ती आपल्या ‘मूळ’ पोथीपेक्षा हजारेक वर्षांनी जुनी होती. म्हणून आधी विचारायचं ते हे की त्याने काय वाचलं. त्याने काय बदललं, हा प्रश्न त्यानंतरचा. बहुतेक विद्यार्थी या दोन प्रश्नांचा क्रम उलटा लावतात.

आता दोन्ही पाठ समोरासमोर ठेवा. हिब्रू असं वाचतात: ‘लमआन यीर्शू एत् शएरीत एदोम व-खोल हग्गोयिम अशेर निक्रा शमी अलेहेम’. म्हणजे, ‘यासाठी की अदोमाच्या उरलेल्यांना आणि ज्यांच्यावर माझं नाव घेतलं गेलं त्या सर्व राष्ट्रांना त्यांनी ताब्यात घ्यावं’. ग्रीक: ‘होपोस एक्झेतेसोसिन होइ कातालोइपोइ तोन आन्थ्रोपोन काइ पान्ता ता एथ्ने, एफ् हूस एपिकेक्लेताइ तो ओनोमा मू एप् औतूस’. म्हणजे, ‘यासाठी की माणसांपैकी उरलेल्यांनी आणि ज्यांच्यावर माझं नाव घेतलं गेलं त्या सर्व राष्ट्रांनी शोध घ्यावा’.

एक कागद घ्या, उभ्या तीन पट्ट्या पाडा. पहिल्या पट्टीत हिब्रूचा एकेक शब्द एकेका ओळीवर, दुसरीत त्याच्यासमोर ग्रीक. तिसरी पट्टी सध्या कोरी ठेवा, तिचं काम पुढे आहे. शब्दासमोर शब्द मांडल्यावर पहिल्यांदा काय दिसतं, तर भाषांतरकार फारच काटेकोर आहे. शब्दांचा क्रम तोच, संख्या जवळजवळ तीच. शेवटचा तुकडा बघा: ‘एफ् हूस... एप् औतूस’, म्हणजे ‘ज्यांच्यावर... त्यांच्यावर’. आपल्याला मराठीत ज्या-त्या जोडीची सवय असल्याने यात काही खटकत नाही, पण ग्रीकमध्ये ‘ज्यांच्यावर’ म्हटल्यावर पुन्हा ‘त्यांच्यावर’ म्हणण्याची गरजच नाही. हिब्रूत मात्र ‘अशेर... अलेहेम’ अशी जोडी लागते, आणि याने ती ग्रीकला न शोभणारी असूनही तशीच आणून ठेवली. ही ओळ विसरू नका. जो माणूस एवढंसं ‘त्यांच्यावर’सुद्धा सोडत नाही, त्याच्यावर मनमानी केल्याचा आरोप करण्यापूर्वी जरा थांबावं लागतं.

काटेकोर माणसाच्या भाषांतरात तीन जागी मात्र हिब्रूशी मेळ बसत नाही. ताब्यात घेण्याच्या जागी शोध घेणं, अदोमाच्या जागी माणसं, आणि ज्यांना ताब्यात घ्यायचं तेच शोध घेणारे, म्हणजे कर्माचा कर्ता. तिन्ही वेगवेगळ्या जातीचे फरक आहेत, म्हणून एकेक घेऊ.

अदोम सगळ्यात सोपा. त्या काळच्या गुंडाळ्यांत स्वरचिन्हं नव्हती. आज छापलेल्या हिब्रू बायबलमध्ये अक्षरांच्या खाली-वर जे ठिपके आणि रेघा दिसतात त्या मसोरा पंडितांनी कित्येक शतकांनंतर घातल्या. तुम्ही मोडी वाचली असेल तर ही अडचण चटकन कळेल. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, ‘दिन’ आहे की ‘दीन’ हे वाचणाऱ्याने संदर्भावरून ठरवायचं. हिब्रूत तर बहुतेक स्वरच वाचणाऱ्यावर सोडलेले. ‘एदोम’ हा शब्द मसोरा पाठात अ-द-व-म असा आहे (पहिलं अक्षर आलेफ, मी सोयीसाठी ‘अ’ लिहितो). मधला ‘व’ म्हणजे वाव हे अक्षर, आणि तो इथे फक्त ‘ओ’ हा स्वर दाखवायला आहे. जुन्या लिखाणात असा वाव पुष्कळदा गाळलेला असतो. तो गाळला की उरतं अ-द-म. हेच ‘आदाम’, म्हणजे माणूस, मानवजात. म्हणजे इथे लेखणी चालवावी लागली नाही, वेगळा स्वर लावला की काम झालं.

पण भाषांतरकाराला अदोम हा देश ठाऊकच नव्हता का? इथे तिसरी पट्टी उपयोगी पडते. तिच्यात लिहायचं ते हे की याच भाषांतरकाराने हाच हिब्रू शब्द दुसरीकडे कसा आणला आहे. बारा लहान संदेष्ट्यांचं ग्रीक भाषांतर एकाच हातचं आहे असं बहुतेक अभ्यासक मानतात, त्यामुळे ही तुलना भरवशाची आहे. आमोसच्याच १:६, १:९, १:११ आणि २:१ मध्ये अदोम येतो आणि चारही ठिकाणी ग्रीकमध्ये तो ‘इदुमाइया’ असा बिनचूक आला आहे. म्हणजे देश ठाऊक होता. ९:१२ मध्ये त्याला तो दिसला नाही. आणि ‘आदाम’साठी अनेकवचनी ‘माणसं’ हीसुद्धा त्याची सवयच आहे. ४:१३ मध्ये हिब्रूत एकवचनी ‘आदाम’ आहे, याने ‘आन्थ्रोपूस’, म्हणजे ‘माणसांना’, असं अनेकवचन केलं.

तिसऱ्या पट्टीत बाकीचे शब्दही भरा. ‘शएरीत’ला १:८ मध्ये त्याने ‘कातालोइपोइ’च म्हटलं आहे, तिथे पलिष्ट्यांपैकी उरलेले आहेत. जुळलं. ‘यीर्शू’चा धातू य-र-श, म्हणजे वतन म्हणून ताब्यात घेणं. तो २:१० मध्ये अमोऱ्यांच्या देशाबद्दल येतो आणि तिथे ग्रीक शब्द ‘काताक्लेरोनोमेओ’ आहे, नेमका त्याच अर्थाचा. मग ९:१२ मधला ‘एक्झेतेओ’ कुठून आला? पाचवा अध्याय काढा. ‘माझा शोध घ्या म्हणजे जगाल’ (५:४), ‘बेथेलचा शोध घेऊ नका’ (५:५), ‘परमेश्वराचा शोध घ्या’ (५:६), ‘चांगल्याचा शोध घ्या’ (५:१४). चारही ठिकाणी हिब्रू धातू द-र-श आणि ग्रीक ‘एक्झेतेओ’. तेव्हा ९:१२ मध्ये तो ‘यिद्रेशू’ वाचतो आहे असं मानायला भक्कम आधार मिळतो. ग्रीकवरून हिब्रू असं उलट बांधून काढणं हे या कामाचं मुख्य हत्यार आहे, पण ते अशा पुराव्याशिवाय चालवू नये. शब्दकोशात ‘शोधणे’ला आणखीही हिब्रू धातू सापडतात. त्यांतला आपल्या सोयीचा उचलला की काहीही सिद्ध करता येतं.

आता अक्षरं मांडा. यीर्शू: य-य-र-श-व. यिद्रेशू: य-द-र-श-व. फरक फक्त दुसऱ्या अक्षराचा, योदच्या जागी दालेत. इथे पुष्कळ पुस्तकं ‘अक्षरं सारखी दिसतात म्हणून चूक झाली’ असं म्हणून मोकळी होतात. मला ते पटत नाही. दालेत आणि रेश ही जोडी खरोखर फसवी आहे, नुसता कोपरा टोकदार की गोल एवढाच फरक, आणि त्या जोडीची गफलत बायबलभर सापडते. योद म्हणजे ओळीच्या वरच्या अंगाला लटकलेला छोटा आकडा, आणि दालेतला आडवी रेघ व खाली येणारा पाय असतो. ही दोन अक्षरं सहजासहजी एकमेकांसारखी दिसत नाहीत. शाई उडालेली, चामडं सुरकुतलेलं किंवा अक्षर बिघडलेलं असेल तर गफलत शक्य आहे, पण तिला नेहमीची गफलत म्हणता येणार नाही. म्हणून या फरकाबद्दल तीन शक्यता उघड्या ठेवाव्या लागतात. त्याच्या गुंडाळीतच दालेत होता. किंवा त्याला तो दिसला. किंवा पुढचं ‘माणसं’ हे वाचन मनात धरून त्याने ते अक्षर जुळवून घेतलं. ‘यिद्रेशू’ असं लिहिलेलं आमोसचं एकही हिब्रू हस्तलिखित आजवर मिळालेलं नाही. मुरब्बआतच्या गुहेत बारा संदेष्ट्यांची एक हिब्रू गुंडाळी मिळाली, ती मसोरा पाठाशी जवळजवळ शब्दशः जुळते, पण ती ग्रीक भाषांतरानंतरची. कुमरानच्या एका लेखात आमोसचं उद्धरण आहे, तेही दावीदाच्या पडलेल्या मंडपापाशी, ९:११ वरच थांबतं. आपल्या वचनाच्या अगदी उंबरठ्यावर.

तिसरा फरक सगळ्यात लहान दिसतो आणि मला तोच सगळ्यात बोलका वाटतो. ‘शएरीत’च्या आधी ‘एत्’ आहे. हा शब्द म्हणजे साधारण आपला द्वितीयेचा ‘ला’. ‘अदोमाच्या उरलेल्यांना’ यातला ‘ना’ म्हणजे हा ‘एत्’. तो असताना ‘उरलेले’ वाक्याचा कर्ता होऊ शकत नाही, जसं मराठीत ‘रामाला आंबा खातो’ असं म्हणता येत नाही. ग्रीकमध्ये तर ‘होइ कातालोइपोइ’ सरळसरळ प्रथमेत आहे. म्हणजे एकतर त्याच्या गुंडाळीत ‘एत्’ नव्हता, किंवा होता आणि त्याने तो बाजूला सारला. स्वर बदलून किंवा डोळे बारीक करून ‘एत्’ची वाट लागत नाही. काही अभ्यासकांनी सुचवलं आहे की तिथे ‘एत्’ऐवजी ‘ओती’, म्हणजे ‘मला’, असं असावं: ‘उरलेल्यांनी मला शोधावं’. अक्षरांच्या दृष्टीने एका योदचाच फरक. पण तसं असतं तर ग्रीकमध्येही ‘मला’ हवा. ५:४ मध्ये हिब्रूत ‘मला’ होता तर याने तो ‘मे’ असा इमानाने आणला आहे.

आणि इथेच तुमच्या ‘मुद्दाम’ या शब्दाची कसोटी लागते. ग्रीकमध्ये ‘शोध घ्यावा’ म्हटलं, पण कोणाचा? चौथ्या शतकातल्या व्हॅटिकानुस पोथीत कर्मच नाही. वाक्य अधांतरी लोंबतं: माणसांपैकी उरलेल्यांनी आणि सर्व राष्ट्रांनी शोध घ्यावा, एवढंच. पुढच्या नकलाकारांना ते खुपलं असणार. पाचव्या शतकातल्या अलेक्झांड्रिनुस पोथीत ‘प्रभूला’ हा शब्द आहे, आणखी काही पोथ्यांत ‘मला’ आहे. कर्म दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी भरलेलं सापडतं, तेव्हा मूळ जागा रिकामी होती असंच समजायचं. सगळ्या राष्ट्रांनी देवाकडे वळावं असा नवा अर्थ घुसवायला जो बसला आहे, तो नेमका ‘देवाला’ हाच शब्द विसरेल? मुद्दाम ध चा मा करणारा माणूस वाक्य पुरं करतो. अधांतरी राहिलेलं वाक्य हे समोरच्या अक्षरांशी बांधून घेतलेल्या, पण ती अक्षरं नीट न लागलेल्या माणसाचं लक्षण आहे.

या कर्मापायी मी स्वतः एकदा तोंडघशी पडलो आहे. सुरुवातीच्या वर्षांत हाताशी होती ती एक स्वस्तातली ग्रीक प्रत, तिच्यात ‘प्रभूला’ हा शब्द छापलेला होता आणि खाली पाठभेदांची एक ओळही नव्हती. त्या एका शब्दावर मी पाऊण तासाचं व्याख्यान उभं केलं, भाषांतरकाराचा देवशास्त्रीय हेतू वगैरे. शेवटी मागच्या बाकावरच्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, ‘सर, माझ्या पुस्तकात तर हा शब्दच नाही?’ तेव्हापासून माझा नेम आहे: ग्रीक म्हणजे कोणतं ग्रीक, हे पहिल्याच ओळीवर लिहायचं. राल्फ्सची १९३५ ची आवृत्ती रोजच्या वापराला पुरते. पण ज्या शब्दावर मत ठरणार आहे तो ग्योटिंगेन मालिकेतल्या त्सीगलरच्या १९४३ च्या आवृत्तीत, तळटीपांसकट पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही.

हेतूबद्दल आणखी एक पुरावा याच पुस्तकात आहे, आणि तो वर्गात सांगितला की हशा पिकतो. आमोस १:६ मध्ये गाझाचा अपराध सांगितला आहे: त्यांनी अख्खीच्या अख्खी वसाहत कैद करून अदोमाच्या हवाली केली. ‘अख्खी’साठी हिब्रू शब्द ‘शलेमा’, अक्षरं श-ल-म-ह. हीच चार अक्षरं ‘शलोमो’ अशीही वाचता येतात, म्हणजे आपला शलमोन राजा. ग्रीक भाषांतरकाराने तेच केलं: गाझाने ‘शलमोनाची कैद’ केली! शलमोन आमोसच्या काळात मरून दीडशेहून जास्त वर्षं झालेली. १:९ मध्ये पुन्हा तेच. इथे कसला आलाय देवशास्त्रीय डाव? अनोळखी वळणाच्या जागी ओळखीचा शब्द दिसला आणि त्याने तो घेतला. गंमत म्हणजे त्याच १:६ मध्ये अदोम मात्र बरोबर ‘इदुमाइया’ झाला आहे. ९:१२ मध्येही माणूस तोच आहे आणि सवयही तीच.

तरी दुसरी बाजू पोकळ नाही. तीन फरक, आणि तिन्ही एकाच दिशेला झुकणारे: एका शेजारी राष्ट्रावरच्या विजयाचं वचन सगळ्या मानवजातीबद्दलचं होतं. निव्वळ अपघात इतके एकजुटीने होत नाहीत, असं म्हणणारे अभ्यासक आहेत आणि त्यांना मी वेड्यात काढणार नाही. माझं मत असं की इथे अपघात एकच झाला आणि बाकीचे त्याने ओढून आणले. अ-द-म हे ‘माणसं’ असं वाचलं गेलं, शेजारी ‘सर्व राष्ट्रं’ होतीच, त्यामुळे ते वाचन पक्कं झालं. दालेत गुंडाळीत होता, डोळ्याला भासला की मनाने पुरवला, ते सांगता येत नाही. ‘शोध घ्यावा’ एकदा ठरल्यावर ‘एत्’ला वाक्यात जागाच उरली नाही. भाषांतरकाराचा हात कुठे दिसतो असं विचाराल तर मी ‘एत्’वर बोट ठेवीन, आणि तेही त्याच्या गुंडाळीत ‘एत्’ होता या अटीवर. आदामबद्दल ‘वेगळं वाचन’ एवढंच म्हणेन. ‘यिद्रेशू’च्या पुढे माझ्या स्वतःच्या कागदावर प्रश्नचिन्ह आहे आणि ते तसंच राहणार आहे.

याकोबाच्या भाषणाची भेसळ यात करू नका, तो निराळा थर आहे. कृत्ये १५ मध्ये ‘प्रभूला’ हा शब्द आहे, शिवाय ९:११ च्या ओळीही सेप्टुअजिंटपेक्षा, म्हणजे आपण पाहिलेल्या ग्रीक भाषांतरापेक्षा, जरा वेगळ्या बांधलेल्या आहेत. अलेक्झांड्रिनुसचा ‘प्रभूला’ हा कृत्यांतूनच मागे शिरला असण्याची शक्यता बरीच आहे, कारण ती नक्कल करणाऱ्यांना नवा करार तोंडपाठ होता. म्हणून कृत्यांतलं वचन घेऊन ते आमोसच्या हिब्रूशी थेट ताडलं, तर दोन वेगळ्या माणसांचे फरक एकाच्याच खात्यावर पडतात.

हात बसायला याहून सोपी जागा हवी असेल तर उत्पत्ती ४७:३१ घ्या. म्हातारा याकोब नमन करतो ते मराठी बायबलमध्ये पलंगाच्या उशाकडे, आणि इब्री ११:२१ मध्ये तोच काठीच्या टोकावर टेकून. म-ट-ह ही तीन अक्षरं लिहा. ‘मित्ता’ वाचलं तर पलंग, ‘मत्ते’ वाचलं तर काठी. मग तिसरी पट्टी भरायला फार लांब जाऊ नका, पुढच्याच ४८:२ मध्ये तीच अक्षरं आहेत, आणि तिथे ग्रीकमध्ये चक्क ‘क्लिने’ आहे, म्हणजे पलंग. एकाच भाषांतरकाराने दोन वचनांच्या अंतरात दोन वाचनं का केली असतील, ते मांडून पाठवा.